बिहुवान: चार शब्दांची ओळ आणि एक तिरकी रेघ

पार्श्वभूमी

ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याच्या पूर्वेकडच्या भागाला तिथले लोक उजनी असम म्हणतात. त्या भागातल्या एका जिल्ह्याच्या गावी हे कापड दुकान आहे. तीन पिढ्यांचं, सगळं घरातलंच. गल्ल्यावर थोरले बसतात, खरेदी मुलगा बघतो, हिशेब आणि फोन सुनेकडे. थोरल्यांच्या आई आता दुकानात येत नाहीत, पण मागच्या खोलीत त्यांचा जुना माग अजून उभा आहे. घरात सगळे त्यांना आइता म्हणतात, म्हणजे आजी. पुढे मीही आइताच म्हणू लागले.

मुलगा पुण्यात शिकायला होता, तेव्हापासून आमची ओळख. मी पुण्यात छपाईची कामं करते: लग्नपत्रिका, दुकानांचे फलक, कापडी पिशव्या. २०२३च्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला. ‘ताई, बिहूच्या सेलचं पोस्टर हवंय. असमियात. वर एकच ओळ, लहानशी. बाकी मी बघतो.’ दोन फूट बाय तीन फुटांच्या तीनशे प्रती आणि दुकानाच्या दारावर एक मोठा फ्लेक्स, एवढंच काम होतं. त्यातली ती लहानशी ओळ ठरायला पाच आठवडे लागले. ते कसे गेले ते इथे मांडते. दुकानाच्या मंडळींची परवानगी आहे. नावं आणि गाव मात्र मुद्दाम दिलेलं नाही.

आधी सणाबद्दल थोडं. आसामात वर्षात तीन बिहू येतात. कार्तिकातला काटी बिहू साधा असतो, माघातला भोगाली बिहू खाण्यापिण्याचा, आणि वसंतातला रंगाली किंवा बोहाग बिहू नव्या वर्षाचा. चैत्राला ते ‘सोत’ म्हणतात, वैशाखाला ‘बोहाग’. सोत संपतो त्या दिवशी गोरू बिहू. त्या दिवशी गाईगुरांना नदीवर नेऊन उडीद-हळदीचं वाटण लावून आंघोळ घालतात. दुसऱ्या दिवशी, बोहागच्या पहिल्या तारखेला, मानुह बिहू, म्हणजे माणसांचा बिहू. तेव्हा नवे कपडे घालून मोठ्यांच्या पाया पडतात आणि त्यांना गामोसा देतात. गामोसा म्हणजे पांढऱ्या सुताचं, लाल काठांचं आणि टोकांना लाल फुलं विणलेलं लांबट वस्त्र. बिहूला दिलेल्या या भेटीला ‘बिहुवान’ म्हणतात. सोत महिनाभर घराघरांतून मागाचा आवाज येतो तो याच्यासाठी. २०२३ साली गोरू बिहू १४ एप्रिलला होता आणि मानुह बिहू १५ला.

अडचण

मुलाने मजकुराचा कच्चा आराखडा हिंदीत पाठवला होता: ‘बिहू धमाका सेल, बिहुवान गामोसा और मेखला-चादर पर भारी छूट, १४ से २० अप्रैल’. याचं असमिया करून घ्यायचं होतं. मला असमिया येत नव्हतं. आमच्या ओळखीत बंगाली अक्षरजुळणी करणारे एक गृहस्थ आहेत, कामाला अगदी चोख. लिपी एकच आहे, असं मला वाटत होतं. मी मजकूर त्यांच्याकडे दिला, त्यांनी जुळवून दिला, मी तो नमुन्यात बसवून पाठवून दिला. ही चूक सर्वस्वी माझी. त्यांनी कुठेही आपल्याला असमिया येतं असं म्हटलेलं नव्हतं.

दोन दिवस उत्तर आलं नाही. मग सुनेचा फोन आला. ती अतिशय सौम्यपणे म्हणाली, ‘बायदेउ, हे बंगाली झालंय. हे दारावर लावता येणार नाही.’ बायदेउ म्हणजे थोरली बहीण. तिने नमुना छापून त्यावर लाल पेनाने खुणा केल्या होत्या आणि त्याचा फोटो पाठवला होता. जवळजवळ प्रत्येक शब्दात एक तरी गोल होता.

बहुतेक गोल ‘र’भोवती होते. बंगाली आणि असमिया लिपी दिसायला जुळ्या बहिणी आहेत, पण दोन अक्षरांत त्या वेगळ्या होतात. बंगाली ‘र’ म्हणजे ‘ब’च्या त्रिकोणाखाली एक टिंब. असमिया ‘र’मध्ये टिंब नसतं, त्या त्रिकोणाच्या पोटातून एक तिरकी रेघ जाते. दुसरं अक्षर ‘व’. असमियात त्याच त्रिकोणाला खालच्या टोकाशी छोटी तिरकी रेघ देऊन ‘व’ लिहितात. बंगालीत असं वेगळं अक्षर वापरात नाही, म्हणून आमच्या गृहस्थांनी ‘बिहुवान’ लिहिताना ‘ओ’ आणि ‘या’ जोडून ‘वा’चा आवाज आणला होता. बंगाली माणूस तसंच लिहील. असमिया माणसाला मात्र ते वाचताक्षणी परकं वाटतं.

या रेघेचं एवढं काय, असं कुणाला वाटेल, म्हणून एक संदर्भ सांगते. इंग्रजांच्या काळात १८३६ ते १८७३ या वर्षांत आसामच्या कचेऱ्या आणि शाळा बंगालीत चालत. आपली भाषा म्हणजे बंगालीची बोली नव्हे, हे असमिया लोकांना त्या काळात मांडत राहावं लागलं. ती तिरकी रेघ त्या इतिहासासकट वाचली जाते. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचं सौम्य रूप ओळखीचं आहे. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ मराठी पाटीवर दिसला की आपल्याही डोळ्यांना खुपतो, आणि ‘सूट’ऐवजी ‘भारी छूट’ वाचलं की पाटी दुसऱ्याच गावाहून आल्यासारखी वाटते.

‘छूट’चंही तसंच झालं होतं. जुळणीत त्याचं ‘छाड’ झालं होतं, आणि तो बंगाली दुकानांतला शब्द. असमिया दुकानदार किमतीतल्या सवलतीला ‘रेहाई’ म्हणतो. आपल्याला रिहाई म्हटलं की तुरुंगातून सुटका आठवते, पण तिथे प्रत्येक सेलच्या पाटीवर हाच शब्द असतो.

भाषेच्या या चुका सुधारणं सोपं होतं. पण सुनेच्या फोटोत सगळ्यात खाली, तारखांभोवती एक मोठा गोल होता आणि गामोसापुढे प्रश्नचिन्ह. खरी अडचण तिथून सुरू झाली.

तारखा आणि गामोसा

सेल १४ ते २० एप्रिल असा ठरला होता, कारण सण तेव्हा आहे. ही तारीख मुलानेच दिली होती. त्याने मागच्या वर्षीच्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची जाहिरात समोर ठेवली होती. पण मानुह बिहूच्या सकाळी गामोसा हातात असावा लागतो. १४ तारखेपासून सवलत म्हणजे भाऊबीज झाल्यावर ओवाळणीच्या साड्यांचा सेल लावण्यासारखं. थोरल्यांनी एका वाक्यात निकाल दिला: आपली विक्री सोतमध्ये होते, बोहागमध्ये दुकानाला सुट्टी असते. तारखा २५ मार्च ते १३ एप्रिल अशा झाल्या.

गामोसाचा प्रश्न इतका लवकर सुटला नाही. त्याला दोन पदर होते आणि पहिला मानाचा. गामोसा पाहुण्याच्या गळ्यात घालतात, नामघरात, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, धर्मग्रंथावर पांघरतात, वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी देतात. त्याच्यापुढे ‘२० टक्के’ असं ठळक अक्षरांत लिहावं का? मुलाचं म्हणणं, किंमत तर सगळेच विचारतात. आइतांचं म्हणणं, विचारू देत, पण ज्याला ते द्यायचं तोही रस्त्याने जाताना तुझं पोस्टर वाचणार आहे. मला हा मुद्दा फार पटला. बिहुवान घेणारा आणि देणारा, दोघेही त्याच बाजारात फिरतात.

दुसरा पदर कायद्याचा होता. आसामच्या गामोसाला डिसेंबर २०२२मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं. काही वस्तू केवळ हातमागासाठी राखून ठेवणारा केंद्राचा कायदा १९८५पासून आहे, आणि त्याच्या आधारे आसाम सरकारने जाहीर केलं होतं की १ मार्च २०२३पासून यंत्रमागावरचे गामोसे आणि मेखेला-सादोर विकू दिले जाणार नाहीत. मेखेला-सादोर हा असमिया बायकांचा दोन वस्त्रांचा पोशाख: कमरेखाली मेखेला, वर सादोर. लिहिताना ‘चादर’ असंच लिहितात, पण असमियात ‘च’चा उच्चार ‘स’ होतो.

दुकानात दोन्ही प्रकारचा माल होता. गामोशांचे काही गठ्ठे आसपासच्या गावांतल्या विणकर बायकांकडून आलेले, काही बाहेरून आलेले, यंत्रमागावरचे. मेखेला-सादोरमध्ये सुरतेकडच्या चकचकीत मालाचा भाग बराच होता. आणि पहिल्या नमुन्यात मी हौसेने एक ओळ घातली होती: ‘हाते बोवा’, म्हणजे हाताने विणलेलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आसाम म्हटलं की हातमाग, एवढ्यावर मी ते लिहून मोकळी झाले होते.

सुनेने व्हिडिओ कॉलवर मला तो माल दाखवला. आइता बाजूला बसल्या होत्या. त्यांनी एका गठ्ठ्यातले दोन गामोसे काढले आणि एकाची फुलं दुसऱ्याच्या फुलांवर ठेवली. पाकळीवर पाकळी तंतोतंत बसली. मग दुसऱ्या गठ्ठ्यातले दोन घेतले. तिथे एक फूल एका धाग्याने वर सरकलेलं होतं, काठ एका जागी किंचित आत आला होता. त्या जागेवर त्यांनी नख फिरवलं आणि काहीतरी म्हणाल्या. सुनेने सांगितलं, ‘त्या म्हणतात, इथे तिला कुणीतरी हाक मारली असेल.’

विचारात घेतलेले पर्याय

मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमच्यापुढे चार ओळी होत्या.

पहिली मुलाची, ‘बिहू धमाका’, आता शुद्ध असमिया अक्षरांत. त्याचा मुद्दा हलका नव्हता. गावात नवी दुकानं आली आहेत, तरुण गिऱ्हाईक तिकडे जातं, त्याला लांबून दिसेल असा शब्द हवा. थोरल्यांना तो नको होता, कारण धमाका हा शब्द आसाममध्ये राहिलेल्या त्यांच्या पिढीला सेलच्या आधी स्फोटाची आठवण करून देतो. यावर पुढे कुणी वाद घातला नाही.

दुसरी ओळ मी सुचवली आणि तिच्यावरून मी सगळ्यात जास्त शिकले. गोरू बिहूला गुरांना आंघोळ घालताना म्हणायचं एक पारंपरिक गाणं आहे: ‘लाउ खा, बेंगेना खा, बछरे बछरे बाढि जा’. दुध्या खा, वांगं खा, वर्षागणिक वाढत जा. मला ते ‘बछरे बछरे बाढि जा’ इतकं आवडलं की मी ते सवलतीला जोडलं: दर वर्षी वाढत जाणारी रेहाई. लय होती, सण होता, सगळ्यांना पाठ असलेली ओळ होती. सुनेने बराच वेळ काही लिहिलं नाही, मग कळवलं की ही ओळ गाईला म्हणतात. तेवढंच असतं तरी मी कदाचित हट्ट धरला असता. पण तिने पुढे व्याकरण समजावलं. असमियात समोरच्याला संबोधायच्या तीन पायऱ्या आहेत: तोइ, तुमि आणि आपुनि. आपल्या तू, तुम्ही, आपण यांच्यासारख्याच, पण क्रियापदाचं रूप प्रत्येक पायरीला बदलतं. ‘बाढि जा’मधलं ‘जा’ हे तोइचं रूप आहे. ते गुरांना, लेकरांना चालतं. दुकानाच्या दारावर गिऱ्हाइकाला ‘आहक’ म्हणायचं असतं, म्हणजे ‘यावं’. माझी ओळ असमिया वाचकाच्या कानाला ‘ए, वाढत जा’ अशी ऐकू आली असती, आणि त्यातही गाईसाठी राखलेल्या शब्दांत.

कोशातून शब्दाचा अर्थ मिळतो. ती ओळ कुणी कुणाला म्हणायची ते मिळत नाही. दुसऱ्या भाषेतलं लोकगीत जाहिरातीसाठी उचलताना हे विचारायलाच हवं.

तिसरा पर्याय एखाद्या लोकप्रिय बिहूगीताची ओळ घेण्याचा होता. तो लगेच सोडला. गाणं कुणाचं तरी असतं, आणि बिहूची बरीच गाणी तरुण-तरुणीच्या ओढीची असतात. आजोबांना द्यायच्या गामोशावर ती नको.

चौथी ओळ खरं तर ओळ म्हणून आली नाही. आइतांना सुनेने विचारलं होतं, तुमच्या वेळी दुकानातून बिहुवान घ्यायचे का? त्यांनी उत्तर दिलं की तेव्हा ते ताँतावरून सरळ हातात जायचं, मध्ये दुकान कुठे होतं. ताँत म्हणजे माग. सुनेने त्यातलंच उचलून लिहिलं: ‘मरमर बिहुवान, ताँतर परा हातलै’. मरम म्हणजे माया. ताँतर परा म्हणजे मागापासून, हातलै म्हणजे हातापर्यंत. ताँत आणि हात यांचं यमक मराठी कानालाही कळतं.

निर्णय

ओळ चांगली होती म्हणून ती घ्यायची, असं होणार नव्हतं. ‘मागापासून हातापर्यंत’ लिहिलं की दुकानातला त्या ओळीखालचा प्रत्येक गामोसा मागावरचा असायला हवा. मी मुलाला स्पष्ट विचारलं: यंत्रमागाचे गठ्ठे दुकानात असताना ही ओळ लावणार का? तो म्हणाला, ताई, ओळ फक्त चांगल्या मालाबद्दल आहे असं लोक समजून घेतील. मी म्हटलं, मी समजून घेणार नाही. आमच्यात एवढा एकच कडवट फोन झाला.

तिढा थोरल्यांनी सोडवला, आणि त्यांच्या बोलण्यात तत्त्वापेक्षा धंदा जास्त होता. १ मार्च उलटून गेली होती. तपासणी झाली तर तो माल तसाही विकता येणार नाही, मग त्यावर पोस्टरचा खर्च कशाला? यंत्रमागाचे गामोसे आणि मेखेला-सादोर फळीवरून उतरवले. काही घाऊक व्यापाऱ्याने परत घेतले, उरलेले माळ्यावर गेले. त्यात त्यांचे पैसे अडकले, आणि ते सोपं नव्हतं.

त्यातून पोस्टरची मांडणी आपोआप ठरली. वरचा दोन तृतीयांश भाग गामोशाचा, तिथे फक्त ओळ, सवलत नाही. खाली वेगळ्या रंगाच्या पट्टीवर शर्टपीस, साड्या, मुलांचे कपडे यांवर २० टक्के रेहाई आणि तारखा. गामोशाची किंमत कमी केली नाही, त्यामुळे विणकर बायकांना देण्याचे पैसेही कमी करावे लागले नाहीत.

शेवटी ‘मरमर’ गेला. ती सूचनाही आइतांची. माया मोठ्यांकडून लहानांकडे येते आणि बिहुवान तर लहानही मोठ्यांना देतात; मग एकच विशेषण सगळ्यांना कसं बसेल? मी आधी तो शब्द काढायला तयार नव्हते, कारण त्याने ओळीला उब येत होती. पण काढल्यावर दिसलं की उब ‘बिहुवान’ या शब्दातच आहे. उरले चार शब्द:

बिहुवान, ताँतर परा हातलै

मांडणीत एक बदल अजून झाला. मी पोस्टरच्या तळाशी गामोशाचा लाल काठ आडवा पसरला होता आणि त्यावर पत्ता, फोन घातला होता. आइतांनी विचारलं, गामोसा पायाशी का? तो वर नेला.

छपाई

या चार शब्दांत गंमत अशी की असमियाची दोन्ही वेगळी अक्षरं आली आहेत. ‘बिहुवान’मध्ये ‘व’, ‘ताँतर’ आणि ‘परा’मध्ये ‘र’. म्हणजे जुळणी चुकली तर चूक सगळ्यात मोठ्या अक्षरांत दिसणार.

संगणकात बंगाली आणि असमिया यांचा एकच संच आहे आणि त्याचं नाव ‘बंगाली’ असंच आहे. बंगाली ‘र’चा क्रमांक U+09B0. असमिया ‘र’ U+09F0 आणि ‘व’ U+09F1, संचाच्या जवळजवळ शेवटी. बंगालीसाठी केलेल्या सगळ्या फॉन्टमध्ये शेवटची ही दोन अक्षरं नीट केलेली असतातच असं नाही. मी आधीच्या मजकुरात पहिल्याच्या जागी दुसरा ‘र’ एका फटक्यात बदलून घेतला, ‘बिहुवान’ हाताने दुरुस्त केला, आणि दोन्ही अक्षरं असलेला फॉन्ट निवडला. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं.

छापखाना तिकडचाच होता. मुलाला शेवटच्या क्षणी तारीख बदलता यावी म्हणून त्याने उघडी फाइल मागितली आणि मी ती दिली. एरवी मी अक्षरांचे आकार करून, म्हणजे मजकुराचं चित्र करूनच फाइल पाठवते. मग समोर फॉन्ट असो वा नसो, फरक पडत नाही. छापखान्यात तो फॉन्ट नव्हता. त्यांच्या संगणकाने आपला दुसरा लावला. त्यात मोठ्या ओळीतला तिरक्या रेघेचा ‘र’ आला, पण इतर अक्षरांपेक्षा बारीक आणि थोडा खाली घसरलेला, जणू मागाहून चिकटवलेला. तारखांच्या पट्टीत त्याहून वाईट झालं. ‘मार्च’मधला रफार ‘च’च्या डोक्यावर बसायच्या ऐवजी सुटून अलग उभा राहिला. अनेक फॉन्ट बंगाली ‘र’चा रफार करतात, पण असमिया ‘र’ दिला की त्यांना तो जोडता येत नाही. गंमत म्हणजे रफार झाल्यावर दोन्हींचा आकार सारखाच दिसतो, म्हणून पडद्यावर तपासणारा तिकडे लक्षच देत नाही.

हे सापडलं ते सुनेमुळे. आमचं ठरलं होतं की पहिला कागद निघाला की यंत्र थांबवायचं आणि फोटो पाठवायचा. तिने फोटो पाठवला आणि खाली तीन जागा लिहिल्या: ‘परा’तला र, ‘मार्च’, आणि ‘ताँत’वरचा चंद्रबिंदू, जो वरच्या रेघेला चिकटला होता. मी आकार केलेली फाइल पाठवली. दोन दिवस गेले, पण तीनशे प्रती वाचल्या. पोस्टर २५ मार्चऐवजी २७ला लागलं.

काय झालं

हातमागाचे गामोसे ११ एप्रिललाच संपले. रेहाईच्या कपड्यांची विक्री नेहमीसारखीच झाली, त्यातला बराच माल उरला. पहिल्या गोष्टीचं श्रेय ओळीला द्यायचा मोह होतो, पण मी देणार नाही. त्या वर्षी यंत्रमागाचा माल बाजारातून हटत होता आणि मानांकनाच्या बातम्या ताज्या होत्या. लोक तसेही हातमागाचं विचारत होते.

ओळीमुळे झालं असं खात्रीने सांगता येईल ते वेगळंच. गिऱ्हाइकं गल्ल्यावर विचारू लागली: कार ताँतर? कोणाच्या मागाचा? एक वयस्कर बाई गामोसा उलटा करून म्हणाल्या, मागापासून लिहिलंय ना, मग माग कुठल्या गावचा ते सांगा. थोरल्यांना काही गठ्ठ्यांचं गाव माहीत होतं, काहींचं नव्हतं. पहिले दोन दिवस ते अंदाजाने सांगत होते. तिसऱ्या दिवशी सुनेने विणकर बायकांना फोन लावून यादी केली आणि गठ्ठ्यागठ्ठ्यावर गावाच्या चिठ्ठ्या टाचल्या.

माल संपल्यावर शेवटचे दोन दिवस लोक परत गेले. आणखी मागवायचा प्रयत्न केला, पण सोतच्या शेवटी कुठल्याही विणकर बाईचा माग मोकळा नसतो. ती आपल्या घरचे बिहुवान विणत असते. त्यांतली एक सुनेला म्हणाली, माझ्या सासऱ्यांचा अजून व्हायचाय, तुझ्या गिऱ्हाइकाचा कुठून देऊ?

पुन्हा करायचं झालं तर

माझ्या बाजूने सगळ्यात मोठा बदल क्रमात आहे. मी आधी जुळणी करून घेतली आणि मग ज्याची ती भाषा आहे त्याला दाखवलं. आता परक्या भाषेचं काम आलं की पहिला फोन त्या भाषेत रोज बोलणाऱ्या, आणि शक्य तर त्याच गावच्या माणसाला करते. सुनेने केलेलं काम पाहता तिला त्याचे पैसे मिळायला हवे होते. पहिल्या वर्षी ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्याही नाही. दुसऱ्या वर्षी मी माझ्या बिलात तिचा भाग वेगळा लावला.

उघडी फाइल देण्याचा निर्णय मला अजूनही पूर्ण चुकीचा वाटत नाही. तारखा बदलण्याची गरज खरी होती. पण तारखांची पट्टी उघडी ठेवून वरच्या चार शब्दांचे आकार करून टाकता आले असते. दोन्ही एकाच फाइलमध्ये राहू शकतात. ते मला वेळेवर सुचलं नाही.

मुलगा म्हणतो, ‘धमाका’ घेतला असता तर रेहाईचा माल संपला असता. असेलही. माळ्यावर गेलेल्या गठ्ठ्यांचा तोटा त्याने सोसला, मी नाही, हे मी विसरत नाही.

ऑक्टोबर २०२४मध्ये मराठी आणि असमिया या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा जाहीर झाला, तेव्हा सुनेने मला संदेश पाठवला होता. अभिनंदनाखाली तिने एक ओळ मराठीत लिहिली होती, कुठूनतरी बघून. त्यातला ‘ल’ हिंदी वळणाचा आला होता. मी तो कागदावर मराठी वळणाने काढून फोटो पाठवला. तिने त्याच्याभोवती लाल गोल करून परत पाठवला.

ओळ दुकानाने ठेवली आहे, तारखा तेवढ्या बदलतात. विणकर बायकांना सांगणं मात्र आता माघ बिहू झाल्या झाल्या जातं, जानेवारीच्या मध्यावर, म्हणजे त्यांच्या घरचे माग लागायच्या आधी. चिठ्ठ्यांवर गावाबरोबर विणणारीचं नावही असतं, तिची हरकत नसेल तर.